पुस्तक प्रकाशनाची संध्याकाळ: वक्त्यांचा क्रम, वाचन, प्रश्नोत्तरं आणि सहीची रांग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमळनेरात वाचनालयाच्या सभागृहात आम्ही काही जण प्रकाशनाचे कार्यक्रम लावून देतो. कार्यक्रम ठरला की लेखक, त्यांच्या घरचे आणि कधी कधी प्रकाशकही तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. आकडे दीडशे खुर्च्यांचं सभागृह आणि साठ-ऐंशी प्रतींची विक्री धरून दिले आहेत. तुमचा कार्यक्रम मोठा असेल तर त्या मानाने वाढवून घ्या.

तारीख ठरवताना काय बघायचं?

आखाजीच्या आठवड्यात आणि श्रावणातल्या कानबाईच्या रविवारी कार्यक्रम ठेवू नका. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात. कानबाईला घरोघरी रोट असतात आणि सगळं भाऊबंद एकत्र आलेलं असतं. त्या दिवशी हॉलमध्ये फक्त लेखकाचेच भाऊबंद येतील, आणि तेही घड्याळ बघत. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि संध्याकाळी सहालाही भिंती तापलेल्या असतात. शिवाय लग्नसराई असतेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्री आठनंतर चांगलीच थंडी पडते, म्हणून सहीची रांग बाहेर ओट्यावर लावू नका.

कार्यक्रम किती वेळाचा ठेवायचा?

बहुतेक जण सुरुवातीपासून मोजतात, म्हणजे सहाला सुरू, दोन तास कार्यक्रम, आठला संपला. आम्ही उलटं मोजतो, शेवटच्या एसटीपासून. येणाऱ्यांतले निम्मे तरी पारोळा, चोपडा, धुळ्याकडचे किंवा मधल्या खेड्यांतले असतात. गाडीची वेळ झाली की मंचावर कोणीही बोलत असो, ते उठतात. पुस्तक घेऊन सही न घेता जावं लागलं की त्यांना वाईट वाटतं, आणि लेखकाला त्याहून जास्त.

गेल्या हिवाळ्यातला एक कार्यक्रम सांगतो. पारोळा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा कथासंग्रह होता. डेपोत विचारलं तेव्हा कळलं की बऱ्याच लोकांच्या सोयीची गाडी ९.१० ची आहे. हॉल ते स्टँड चालत पंधरा मिनिटं, म्हणून सह्या ८.५० ला संपायला हव्या. साठ-पासष्ट प्रतींवर सह्या होतील असा अंदाज होता, त्याला चाळीस मिनिटं धरली. म्हणजे रांग ८.१० ला सुरू. कार्यक्रम सहाला सुरू करायचा तर मधे एकशे तीस मिनिटं उरतात, आणि त्यातली पंधरा राखीव ठेवायची. उरलेल्या एकशे पंधरा मिनिटांत सगळं बसवायचं. हे गणित कागदावर मांडून लेखकापुढे ठेवलं की पाचवा वक्ता ते आपणहून गाळतात.

निमंत्रणावर ५.४५ छापा. सहाची वेळ छापली तर लोक सव्वासहाला येतात, हे तुम्हाला मी काय सांगू.

वक्त्यांचा क्रम कसा लावायचा?

आपल्याकडचा रूढ क्रम असा: दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, प्रकाशन, दोन-तीन भाषणं, लेखकाचं मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. वाचन यात कुठेच नसतं. असलंच तर मनोगताच्या शेपटाला, ‘वेळेअभावी एकच उतारा वाचतो’ म्हणून. आमच्या मते सगळा घोळ इथेच होतो. भाष्यकार येतो तो पुस्तक वाचून, पण समोरच्या एकानेही त्यातली ओळ ऐकलेली नसते. मग तो बिचारा आधी कथा सांगत बसतो आणि नंतर त्यावर बोलतो. पंधराची पंचवीस मिनिटं होतात ती यामुळे.

म्हणून आम्ही प्रकाशन झालं की लगेच वाचन ठेवतो. पुस्तक नुकतंच उचलून दाखवलेलं असतं, लोक ताजे असतात, आणि त्यात आहे तरी काय ही उत्सुकता असते. त्या शिक्षकांच्या कार्यक्रमाचा कागद असा होता. ६ वाजता दीपप्रज्वलन आणि स्वागत, दहा मिनिटं. मग प्रास्ताविक सात मिनिटं. ६.१७ ला प्रकाशन, फोटोसकट आठ मिनिटं. ६.२५ ला लेखकाचं वाचन, दहा मिनिटं. त्यानंतर दोन भाष्यकार, प्रत्येकी पंधरा मिनिटं. ७.०५ ला लेखकाचं मनोगत, दहाच मिनिटं, कारण वाचनात तो अर्धा बोलून झालेला असतो. ७.१५ ते ७.३५ प्रश्नोत्तरं. मग अध्यक्ष पंधरा मिनिटं आणि आभार पाच. ७.५५ ला सगळं आटोपतं आणि राखीव पंधरा मिनिटं हाताशी राहतात. ती कुठे गेली ते पुढे येईल.

दोन भाष्यकारांमध्ये आधी कोणाला बोलवायचं, यावर आमच्यातच वाद आहेत. माझं मत असं, की पुस्तकाच्या जगाजवळचा माणूस आधी बोलावा आणि समीक्षक नंतर. त्या दिवशी पहिल्या भाष्याला कापसाची शेती करणाऱ्या एक वाचक ताई होत्या, नंतर महाविद्यालयातले प्राध्यापक. सरांनी ताईंचा एक मुद्दा धरून बोलायला सुरुवात केली. उलटा क्रम असता तर ताई म्हणाल्या असत्या, ‘सरांनी सगळं सांगितलंच आहे.’

प्रश्नोत्तरं अध्यक्षांच्या आधी का? नंतर ठेवली तर?

अध्यक्षांनंतर फक्त आभार, असा आपला शिरस्ता आहे. नंतर प्रश्न ठेवले तर ज्येष्ठ माणसाला वाटतं की आपलं बोलणं मधेच कुठेतरी घातलं. त्याशिवाय, अध्यक्ष बोलून बसले की लोक चपला शोधू लागतात. प्रश्न आधी झाले तर अध्यक्षांना त्यातला एखादा धागा पुढे नेता येतो, आणि चांगला अध्यक्ष ते करतोच.

सत्कार किती ठेवायचे?

नाव पुकारणं, माणूस उठून येणं, शाल, श्रीफळ, फोटोसाठी थांबणं, परत जागेवर जाणं, याला दीड मिनिट लागतं. घड्याळ लावून बघा. चौदा सत्कार म्हणजे एकवीस मिनिटं, म्हणजे प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरात झालं. तेव्हापासून आमच्याकडे दीडशे खुर्च्यांच्या कार्यक्रमालाही संमेलनासारखी पत्रिका छापायची हौस आली आहे. पत्रिकेवर नाव आलं की सत्कार आलाच.

मंचावरच्यांचेच सत्कार ठेवा, पाचाच्या वर नको. लेखकाचे गुरुजी, मुखपृष्ठकार, अक्षरजुळणी करणारा यांना प्रास्ताविकात नाव घेऊन जागेवरच उभं करा आणि टाळ्या घ्या. घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा. नाहीतर लेखकाचे मामा कार्यक्रम चालू असताना निवेदिकेच्या हातात चिठ्ठी सरकवतात.

प्रमुख पाहुणे ‘वाटेत आहेत’ असा फोन आला तर थांबायचं का?

नाही. वाटेत म्हणजे कुठे हे विचारा. गावाजवळ आले असतील तर दहा मिनिटं थांबण्यात अर्थ आहे. ‘निघतोच आहोत’ असेल तर सुरू करा. प्रकाशन मात्र ज्यांच्या हस्ते छापलं आहे त्यांच्याशिवाय करायचं की नाही, हे दुपारीच लेखकाशी बोलून ठेवा. आम्ही अध्यक्षांना तयार ठेवतो. पाहुणे नंतर आले तर जे भाषण चालू आहे ते संपू द्यायचं, त्यांना शांतपणे मंचावर न्यायचं, आणि अध्यक्षांच्या आधी पाच मिनिटं द्यायची. चालू वाचन थांबवून स्वागत करायचं नाही, येणारा कोणीही असो.

एखादा वक्ता थांबतच नाही, तेव्हा?

घंटी वाजवू नका, ती शाळेतच बरी. निमंत्रणाच्या फोनवरच मिनिटं सांगा, आणि आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर त्यांच्या नावापुढे वेळ लिहिलेला कागद पाठवा. ऐनवेळी पहिल्या रांगेत एक जण मोठ्या अक्षरात ‘५’ आणि ‘१’ लिहिलेले दोन पुठ्ठे घेऊन बसतो. बहुतेक जण तेवढ्यावर आवरतात. तरीही नाही आवरलं तर निवेदिका पाण्याचा ग्लास घेऊन पोडियमपाशी जाऊन उभी राहते. माणूस पाणी पितो, थँक्यू म्हणतो आणि समारोपाकडे वळतो. हे आम्ही ठरवून शोधलेलं नाही, एकदा खरंच पाणी द्यायला गेलो तेव्हा कळलं.

लेखकाने काय वाचावं आणि किती?

दहा मिनिटं, आणि त्यात वाचन आठचंच. सावकाश, ऐकणाऱ्याला सोबत घेऊन मराठी वाचलं तर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात. म्हणजे आठ मिनिटांत हजार शब्द, नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाची साडेतीन पानं. लेखकांना हे खरं वाटत नाही, ते दहा पानांवर खुणा करून येतात. घरी मोबाईलवर रेकॉर्ड करून बघायला सांगा. आणि लोक हसतील, थांबतील, त्यासाठी एक-दीड मिनिट वर धरायला सांगा.

निवडीबद्दल आमचा अनुभव असा, की निसर्गवर्णनाचा परिच्छेद छापील पानावर कितीही सुंदर असला तरी सभागृहात पडतो. दोन माणसं बोलत असतील असा तुकडा घ्या. त्यात तिसरं माणूस येत असेल तर उत्तम, पण तीनाहून जास्त आवाज नकोत, कोण बोलतंय ते कळत नाही. शेवट सांगून टाकू नका. गोष्ट जिथे वळते त्याच्या जरा अलीकडे थांबा.

त्या शिक्षकांनी आधी शीर्षककथेचा शेवट निवडला होता. आम्ही तालीम घेतली तेव्हा त्यांचाच आवाज भरून आला आणि पुढचं वाचता येईना. मग बदलून कापूस वेचणीवरच्या मायलेकाच्या बोलण्याचा भाग घेतला. लेक म्हणतो यंदा पुण्याला जातो, आई बोंडातला कापूस काढत राहते आणि भलतंच विचारते. तीन पानं आणि वर चार ओळी. दोन वाक्यं पेन्सिलने खोडली, कारण त्यांत मागच्या प्रकरणातल्या माणसाचं नाव होतं आणि ते समजावण्यात अर्धं मिनिट गेलं असतं. सुरुवातीला फक्त एवढं सांगायचं ठरलं: ‘आई साठीची आहे, मुलगा बारावी झालेला, दिवस दिवाळीनंतरचे.’ बस.

एक गोष्ट तांत्रिक वाटेल, पण तीच नडते. वाचनाला हातातला कॉर्डलेस माईक चालत नाही. एका हातात माईक आणि एका हातात नवं कोरं, घट्ट बांधणीचं पुस्तक धरलं तर पान उलटायचं कशाने? साऊंडवाल्याला स्टँडचा माईक सांगा, आणि तो हनुवटीच्या उंचीला जरा बाजूला ठेवा, म्हणजे पानाची खरखर आत जात नाही. पुस्तकाचा कणा आदल्या दिवशी दोन-तीनदा उघडून सैल करून ठेवा. चष्मा असेल तर उतारा मोठ्या टायपात छापून त्याच पानांमध्ये ठेवा. लोकांना पुस्तकातून वाचताना दिसतं आणि लेखक अडखळत नाही.

संवाद अहिराणीत आहेत. समोर सगळ्यांना कळतील का?

धुळे-अमळनेर-पारोळ्याकडे कळतील. यावल-रावेरकडे लेवा बोली, तिथेही अर्थ लागतो, पण हसण्याच्या जागा बदलतात. बाहेरचे पाहुणे असतील तर वाचायच्या आधी दोन शब्दांचे अर्थ सांगा, तिसरा नको. वाचता वाचता कंसात प्रमाण मराठी सांगणं हा प्रकार टाळा, गोष्ट तुटते. आणि लेखकाला घरी येते तेवढीच अहिराणी त्याने वाचावी. समोर बसलेल्या आजीबाईंना उसनी अहिराणी पहिल्या वाक्यात कळते.

प्रश्न कोणी विचारतच नाही. किंवा एकच माणूस माईक सोडत नाही. काय करावं?

दोन्हीवर उपाय एकच, चिठ्ठ्या. भाषणं चालू असताना दोन मुलं कागद आणि पेन घेऊन मागच्या रांगांतून फिरतात. आमच्याकडे बायका मागे बसतात आणि माईक घेऊन उभ्या राहायला संकोचतात, पण चिठ्ठी लिहितात. गेल्या वेळी सगळ्यात चांगला प्रश्न चिठ्ठीतूनच आला: ‘या गोष्टीतली आई तुमची आई आहे का, आणि असेल तर तिने वाचलंय का?’ लेखक अर्धं मिनिट गप्प राहिले. मग म्हणाले, आई वाचू शकत नाही, मी वाचून दाखवलं, आणि ती म्हणाली एवढं बोलत नसते मी.

वीस मिनिटांत सहा-सात प्रश्न होतात, त्याहून जास्त नाही. प्रश्नाला अर्धं मिनिट आणि उत्तराला दोन, असा हिशोब आहे. सुरुवात निवेदिकेने चिठ्ठीतल्या प्रश्नाने करावी, म्हणजे पहिल्या शांततेची भीती राहत नाही. नंतर तीन-चार प्रश्न माईकवर घ्या. माईक कार्यकर्त्याच्या हातातच राहू द्या, विचारणाऱ्याच्या तोंडापुढे तो धरायचा, सोपवायचा नाही. एखादे काका ‘प्रश्न नाही, पण मी चार ओळी ऐकवतो’ म्हणून उभे राहतातच. त्यांचा अपमान होऊ न देता म्हणा, ‘आप्पा, तुमच्या ओळी खाली टेबलापाशी निवांत ऐकू, इथे प्रश्न एका वाक्यात सांगा.’ आप्पांना राग येत नाही, फक्त नंतर टेबलापाशी खरंच ऐकाव्या लागतात.

पुस्तकविक्री कधी सुरू करायची? प्रकाशनाआधी पुस्तक विकणं बरं दिसत नाही ना?

नाही दिसत. पण सगळी विक्री प्रकाशनानंतर ठेवली तर कार्यक्रम संपल्यावर एका टेबलावर ऐंशी माणसं तुटून पडतात. आम्ही साडेपाचपासून पैसे घेतो आणि पुस्तकाऐवजी कुपन देतो. त्याच वेळी विचारतो, ‘कोणाच्या नावे सही हवी?’ आणि ते नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून कुपनाला टाचतो. पुस्तक प्रकाशनानंतर, भाष्यं चालू असताना मागच्या टेबलावरून मिळतं. चिठ्ठी शीर्षकपानात खोचूनच हातात द्यायची.

किंमत ठरवताना सुट्या पैशांचा विचार करा. साडेतीनशेचं पुस्तक वीस टक्के सवलतीत २८० ला दिलं की प्रत्येकाला वीसची नोट परत द्यावी लागते, आणि पंधराव्या गिऱ्हाइकाला वीसच्या नोटा संपतात. ३०० ला द्या. क्यूआर कोड दोन ठिकाणी लावा. हॉल भरला की आत रेंज मंदावते आणि पैसे गेले की नाही यावर दोघंही फोनकडे बघत उभे राहतात, म्हणून ते टेबल दाराजवळ हवं.

सहीची रांग का तुंबते?

लेखक हळू लिहितो म्हणून तुंबते असं वाटतं. तसं नसतं. सही करायला सात-आठ सेकंद लागतात. बाकीचा वेळ कशात जातो ते टेबलाशेजारी उभं राहून एकदा बघा. वाचक येतो, पिशवीतून पुस्तक काढतो. लेखक विचारतो, नाव काय? हॉलमध्ये गलका, ऐकू येत नाही. पुन्हा विचारतो. ‘शीतल’ की ‘शितल’? पहिली दीर्घ लिहिली आणि ती ऱ्हस्व लिहिते. खोडायचं कसं? मग कोणीतरी म्हणतं, ‘सर, मना नातूनं नाव लिखी द्या,’ आणि नातवाचं नाव आठवायला घरी फोन लावतं. सही झाली की फोटो. मोबाईल मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे देतात, त्याला कॅमेरा सापडत नाही. मग पुस्तकाबद्दल दोन शब्द, आणि नेमकं तेवढ्याचसाठी माणूस रांगेत उभा असतो.

आमच्या पहिल्या एका कार्यक्रमात चिठ्ठ्या नव्हत्या. दर माणसाला दोन मिनिटं लागत होती. चाळीस मिनिटांत वीस सह्या झाल्या, आणि मग एसटीवाले एकेक करून गळायला लागले. चाळिसगावकडून आलेला एक मुलगा पुस्तक टेबलावर ठेवून गेला. म्हणाला सही करून ठेवा, पुढच्या वेळी नेतो. ते अजून आमच्या कपाटात आहे.

मग रांग कशी लावायची?

चार माणसं लागतात. सहीचं टेबल मंचावर नको, बाजूच्या दाराजवळ हवं, म्हणजे माणूस हॉलमधून येतो आणि सही घेऊन बाहेर पडतो. आल्या वाटेने परत गेला की रांग आणि परतणारे एकमेकांत अडकतात. लेखक उजव्या हाताने लिहिणारा असेल तर पुस्तकं त्याच्या डावीकडून आलेली बरी.

पहिला माणूस रांगेच्या मध्यावर उभा राहतो आणि चिठ्ठी आहे का, नाव वाचता येतंय का, एवढंच बघतो. नसेल तर तिथल्या तिथे लिहून देतो. दुसरा लेखकाच्या डाव्या हाताला. तो वाचकाकडून पुस्तक घेतो, शीर्षकपान उघडतो, चिठ्ठी वरच्या बाजूला ठेवतो आणि पुस्तक सरकवतो. लेखक लिहीत असतानाच पुढचं पुस्तक त्याच्या हातात उघडलेलं असतं. तिसरा लेखकाच्या उजवीकडे, फोटोसाठी. वाचकाचा मोबाईल त्याच्याकडे आधीच दिलेला असतो. फोटो सही चालू असतानाच काढायचा, दोघांनी उभं राहून नाही. हा एकच बदल माणशी वीस सेकंद वाचवतो, शिवाय फोटोही जिवंत येतो. चौथा रांगेच्या शेपटाला उभा असतो, त्याचं काम पुढे सांगतो.

आता वाचकाशी बोलायला लेखकाला वेळ उरतो. नाव विचारायचं नाही, स्पेलिंग नाही, पान शोधायचं नाही. ‘कुठून आलात?’ एवढं विचारलं तरी माणूस खुलतो. त्या शिक्षकांच्या कार्यक्रमात चौसष्ट प्रतींवर चौतीस मिनिटांत सह्या झाल्या, म्हणजे माणशी बत्तीस सेकंद. आणि कोणाला घाई केली असं वाटलं नाही. उलट एका बाईंनी मला सांगितलं, सर माझ्याशी किती वेळ बोलले.

एसटीवाल्यांना पुढे घेतलं तर बाकीचे चिडत नाहीत?

आयत्या वेळी घेतलं तर चिडतात. म्हणून कुपन देतानाच विचारायचं, ‘गाडी आहे का?’ गाडी असलेल्यांच्या चिठ्ठ्या पिवळ्या, बाकीच्यांच्या पांढऱ्या. म्हाताऱ्या माणसांनाही पिवळी. आभार मानणाऱ्याने शेवटी माईकवर सांगायचं: ‘आधी पिवळ्या चिठ्ठ्या, पांढऱ्या चिठ्ठ्यांनी बसून चहा घ्या, दहा-दहाने बोलावतो.’ आभाराचं भाषण हेच रांगेचं पहिलं पाऊल आहे, म्हणून ते कार्यकर्त्यानेच करावं, प्रकाशकाच्या पुतण्याने नको. चौथा माणूस शेपटाशी उभा राहून पांढऱ्यांना दहाच्या गटाने उठवतो, आणि साडेआठनंतर आलेल्याला नम्रपणे सांगतो की आता फक्त सही, नाव नाही.

त्या दिवशी पिवळ्या एकवीस निघाल्या. कोणी तक्रार केली नाही. एका आबांनी पिवळी मिळावी म्हणून गाडी असल्याचं सांगितलं आणि नंतर बुलेटवर बसून गेले, ते सोडा.

पेन कोणतं, आणि सही कुठल्या पानावर?

शीर्षकपानावर, छापील नावाच्या खाली. मुखपृष्ठाला लागून असलेलं पहिलं पान बऱ्याचदा रंगीत किंवा गुळगुळीत असतं. त्यावर जेल पेनची शाई वाळत नाही. पुस्तक लगेच मिटलं की समोरच्या पानावर सहीची उलटी छबी उठते. बॉलपेन सुरक्षित. जेलचाच हट्ट असेल तर टिपकागदाचे तुकडे ठेवा आणि दुसऱ्या माणसाने प्रत्येक सहीवर एक ठेवूनच पुस्तक मिटावं. एकाच जातीची तीन पेनं ठेवा. पुस्तकाच्याच कागदावर दुपारी एकदा लिहून बघा.

टेबलावरचा पंखा बंद करा किंवा टेबल सरकवा. चिठ्ठ्या उडाल्या की मायाबाईंच्या पुस्तकावर मधुकररावांचं नाव पडतं. आमच्याकडे पडलंय.

पुस्तकं किती मागवायची, आणि कधी?

निम्म्या खुर्च्यांइतक्या प्रती पुरतात, लेखक शिक्षक असेल तर थोड्या जास्त, कारण विद्यार्थी येतात. पार्सल निदान तीन दिवस आधी हातात हवं. एकदा एका प्रकाशकाने गठ्ठे आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने टाकले. गाडी वाटेत बंद पडली आणि प्रकाशनाला एक डमी प्रत चमकत्या कागदात गुंडाळून उघडावी लागली. कुपनं दिलेली होती, म्हणून सह्या आम्ही चिकटपट्टीच्या कागदांवर घेतल्या. आठवड्याने आलेल्या पुस्तकांत ते चिकटवून टपालाने पाठवले. लोकांनी समजून घेतलं. लेखकाने अजून नाही.

राखीव पंधरा मिनिटं कुठे गेली?

त्या दिवशी सहा वाजून पाच मिनिटांनी सुरुवात झाली, ती पाच गेली. प्राध्यापक सर चार मिनिटं वर बोलले. वीज गेली आणि साऊंडवाल्याचा इन्व्हर्टर लागेपर्यंत तीन मिनिटं गेली, तेवढ्यात ताईंनी माईकशिवायच बोलणं चालू ठेवलं. उरलेली तीन चहाच्या टेबलाने खाल्ली. म्हणून चहा आता सहीच्या टेबलापासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवतो.

लेखकाची जुनी पुस्तकं घरून आणली तर सही मिळते का? आणि अध्यक्षांचीही घेता येते?

जुनी पुस्तकं पांढऱ्या चिठ्ठीच्याही शेवटी, आणि एकाच प्रतीवर नाव. अध्यक्षांची सही त्यांच्याकडे वेगळी जाऊन घ्या, त्यांना लेखकाशेजारी टेबलावर बसवू नका. दोन सह्यांची एक रांग लावली की वेग कमी वेगाने लिहिणाऱ्याचा होतो, आणि अध्यक्षांचं वय साधारण सत्तरच्या पुढे असतं.